मेरिटबाई कोणाच्या?

दूध संघाच्या प्रयोगशाळेत दोन परीक्षक होते आणि दोघांनाही खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. त्यातल्या एकाला सगळे भाचेराव म्हणत, कारण त्याचा मामा जुन्या चेअरमनसाहेबांची गाडी चालवायचा. दुसरीला म्हणत मेरिटबाई. रुजू झाली त्याच दिवशी हिशेबनीसाने रजिस्टरवर सही घेता घेता विचारलं होतं, "तुम्ही कोणाच्या?" म्हणजे शब्द कोणी टाकला. तिने भाबडेपणाने उत्तर दिलं, "कोणाची नाही. परीक्षा दिली, मेरिटवर लागले."

हिशेबनीसाचा पेन हातातून पडला. दुपारपर्यंत संघाच्या शीतगृहापासून गेटपर्यंत सगळ्यांना नवा विनोद मिळाला होता.

खरं तर परीक्षा झाली होती. बाहेरच्या एजन्सीने घेतली होती, पाठोपाठ मुलाखत झाली होती, आणि तिच्या शेजारच्याच बाकावर भाचेराव पेन्सिल चावत बसला होता. दोघं एकाच दिवशी लागले, एका वर्षाच्या परिवीक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर. सकाळी गावोगावच्या संस्थांचे कॅन आले की तो नमुने घ्यायचा, ती नळीत आधी ॲसिड, मग दूध, मग अल्कोहोल घालून मशीनला लावायची. एकाने वाचलेलं फॅट दुसरा न विचारता परत वाचायचा. भांडण कधी झालंच तर नळ्या कोणी धुवायच्या यावरून.

आणि वर्ष संपायला आलं असताना निवडणूक झाली. जुने चेअरमन पडले. नवं संचालक मंडळ आलं आणि त्यांना कपाटात निबंधक कार्यालयाचं पत्र सापडलं: मंजूर पदांच्या आकृतिबंधात दूध परीक्षकाची जागा एकच, जुन्या मंडळाने भरले दोन. एकाला कायम करायचं, एकाला घरी पाठवायचं. ठरवायला तीन संचालकांची उपसमिती नेमली.

"कायम झालात तर काढायला चौकशी लागते, आरोपपत्र लागतं," व्यवस्थापक चहा ढवळत म्हणाले. "परिवीक्षेवाल्याला एका ओळीचं पत्र पुरतं. तेव्हा मेरिटबाई, आता तरी सांगा. कोणाच्या? नवीन पार्टीत कोणी असेल तर मी आधीच कानावर घालतो."

"साहेब, खरंच कोणी नाही."

"बरं बरं," व्यवस्थापक डोळा बारीक करून म्हणाले. "मोठं दिसतंय प्रकरण."

ती घरी आली ती डोक्यात भुंगा घेऊन. कोणीच नाही असं आपण छातीठोकपणे सांगतो, पण आपल्याला तरी काय ठाऊक? नोकरी लागली तेव्हा तिच्या मामाने गल्लीभर सांगितलं होतं, "मी एक फोन फिरवला." शेजारचे वकीलकाका म्हणाले होते, "चेअरमन आपल्या शब्दाबाहेर नाही." तेव्हा तिला राग आला होता. आता वाटलं, यातला एखादा खरं बोलत असला तर?

तिने मामाला फोन लावला.

"मामा, तू तेव्हा नक्की कोणाला फोन केला होतास?"

"मी? कोणाला?" मामाचा आवाज एकदम उतरला. "अगं, मी जुन्या चेअरमनला ओळखतसुद्धा नाही. आणि हे बघ, फोनवर असलं काही बोलू नकोस."

वकीलकाका तर दारातच म्हणाले, "तुझी हुशारी गं पोरी, आमचं काय त्यात!" आणि दार लावून घेतलं.

राहिले वडील. ते बनियनवर बसून पंखा दुरुस्त करत होते.

"बाबा, तुम्ही कोणाला भेटला होतात का?"

वडिलांनी स्क्रू फिरवायचा थांबवला. "गेलो होतो एकदा. चेअरमनच्या बंगल्यावर. बाकावर बसवलं, दुपारपर्यंत बसलो. मग कोणीतरी म्हणालं साहेब बाहेरगावी आहेत. आलो परत."

"नाव सांगितलं होतंत का माझं?"

"लिहून घेतलं होतं खरं त्यांच्या माणसाने. पण तो सगळ्यांचंच लिहून घेत होता." त्यांनी पुन्हा स्क्रू फिरवायला घेतला. "बापाने जायला नको होतं का?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि भाजीत दोनदा मीठ घालून बसली.

सुनावणी संघाच्या सभागृहात झाली. जुन्या चेअरमनचा फोटो काढलेल्या जागी भिंत जरा जास्त पांढरी दिसत होती. आधी भाचेरावला बोलावलं. तो लगेच बाहेर आला. "मामा काय करतो एवढंच विचारलं," तो म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

मग ती. मधले संचालक जाड चष्म्यातून बघत म्हणाले, "बोला ताई. कोणी लावलं तुम्हाला?"

"परीक्षा दिली होती, सर. माझे गुण—"

"ते कळलं. कोणी लावलं?"

"माझ्या माहितीत कोणी नाही."

"माझ्या माहितीत!" डावीकडचे संचालक पुढे वाकले. "म्हणजे तुमच्या माहितीबाहेर आहे."

"तेच मला कळत नाहीये, सर," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्यांनी आवाज खाली आणला, पण सभागृह मोठं आणि ऐकू यायला चांगलं होतं.

"ड्रायव्हरच्या भाच्याचं ठीक आहे, त्याचा माणूस समोर दिसतो. ही नाव फोडत नाही."

"वरचं कोणी असेल. आपल्याच वरचं."

"उद्या फोन आला तर तुम्ही घेणार आहात का?"

कोणीच घेणार नव्हतं.

आठवड्याभरात दोन पत्रं निघाली. तिच्या पत्रात होतं, परिवीक्षा समाधानकारक, सेवेत कायम. त्याच्या पत्रात खरंच एक ओळ होती. स्वतःच्या पत्राला हात लावताना तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण मध्येच अडकला. आपण खरं बोललो, त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि म्हणून आपण वाचलो. याला मेरिट म्हणायचं का? संध्याकाळी मामाचा फोन आला: "बघ, म्हटलं होतं ना मी बघतो!" तिने फोन पालथा ठेवला.

शेवटच्या दिवशी भाचेरावने स्वतःहून नळ्या धुतल्या. ॲप्रन घडी करून खुर्चीवर ठेवला.

"मी पण परीक्षा दिली होती," तो म्हणाला. "तुझ्या शेजारीच."

"माहीत आहे. माझ्याआधी पेपर संपवलास."

"मामाने साहेबांना सांगितलं होतं, ते खोटं नाही. पण त्याने सांगितलं नसतं तर लागलो नसतो का, ते काय मला आता कळणार नाही." त्याने हात पुसले. "तुझं बरं आहे. निदान मला तरी सांग. आता मी काय कुणाला सांगायला जातोय? कोणाची तू?"

तिच्या डोळ्यांसमोर बंगल्याबाहेरचा बाक आला, आणि नावं लिहून घेणारा कोणीतरी माणूस.

"कोणाची नाही रे," ती म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज जरा डगमगला.

भाचेराव हसला. सगळं समजल्यासारखी मान हलवत गेटकडे निघाला.

"नको सांगूस," तो म्हणाला. "मीही सांगितलं नसतं."