केबल चार्ज करती, फाइल देत न्हाय

होस्टेलच्या एका खोलीत तिघं राहिले की किस्से आपोआप साचतात, झाडून काढायलाही कुणी नसतं. आमच्या खोलीत मी, आजऱ्याचा सागर आणि हुपरीचा बसू. लॅपटॉप सागरचा, मोबाइल बसूचा, केबल माझी. पण आमच्यात माझं-तुझं नव्हतं, वस्तू हाताला लागेल त्याची!

*

सागर त्या केबलनं वाळत घातलेली लुंगी बांधायचा. मी ओरडलो तर म्हणाला, "चार्जिंग हुतंय न्हवं? मग?"

*

आमच्या खोलीत कुठल्याही आजारावर एकच औषध होतं, बॅटरी काढणे. फोन अडकला, बॅटरी काढ. रेंज गेली, बॅटरी काढ. एकदा तर सागरनं गजर बंद होईना म्हणून घड्याळाचा सेल काढला आणि सगळेच लेक्चरला उशिरा गेलो.

*

आता बसूचं ऐका. प्रोजेक्ट होतं हुपरीच्या घरगुती चांदीकामावर. मोबाइलवर शूटिंग केलेलं. सर त्या दिवशी सकाळीच वर्गात पडद्यावर बघणार होते, आणि प्रोजेक्ट नसेल तर वर्ष गेलं. बसू म्हणाला, आधी शेवटचा तुकडा कापायचाय. का, ते सांगेना.

केबल लावली. मोबाइलवर चार्जिंगची खूण आली, लॅपटॉप मात्र गप्प. लुंगीनं केबलच्या आतल्या फाइल नेणाऱ्या तारा तोडल्या होत्या, वीज नेणाऱ्या तेवढ्या शाबूत. ब्लूटूथ लॅपटॉपला नव्हतंच.

राहिलं मेमरी कार्ड. पण क्लिप फोनच्या मेमरीत, आणि कार्ड सागरच्या गाण्यांनी गच्च भरलेलं. सागरनं तोंड पाडून गाणी उडवली. मग क्लिप कार्डावर कॉपी करायला लावली. पट्टी निम्म्यावर येऊन थांबली, आणि बसूचा हात सवयीनं बॅटरीकडं गेला. सागरनं मनगटच धरलं. "मेल्या, आत्ता काढलीस तर फाइल अर्धी ऱ्हाईल!"

थांबलो. पट्टी हलली, भरली. मग फोन बंद केला, बॅटरी काढली, तिच्याखालचं कार्ड अॅडॅप्टरात घातलं आणि लॅपटॉपच्या खाचेत सरकवलं. फोल्डर उघडला, क्लिप लॅपटॉपवर घेतली. पण कापायला वेळच उरला नाही. लॅपटॉप काखेत मारून तिघं वर्गाकडं पळालो.

पडद्यावर एक माणूस मान खाली घालून पैंजणाच्या कड्यांना डाग देऊन त्या जोडत होता. कसबी हात. सर मन लावून बघत होते. शेवटी तो माणूस वर बघून म्हणाला, "बसू, बंद कर की आता. हात काळं झाल्यात माझं. कॉलेजात दावू नगंस."

बसूनं आम्हाला कायम सांगितलेलं, वडलांची चांदीची पेढी आहे म्हणून.

सरांनी विचारलं, "हे कोण?"

बसू उठला. "माझे वडील," म्हणाला. आणि पुढं जाऊन त्यानं तेवढाच तुकडा परत लावला.