आईच्या लुगड्यातला फोटो

१९७२ च्या डिसेंबरात नगरच्या कापडबाजारामागच्या एका स्टुडिओत माझा फोटो काढण्यात आला. तो माझ्या आईचा म्हणून काढला होता. आईला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा तिचं जे वय होतं, साधारण तेवढंच माझं होतं.

आईचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं आमच्या आजीचं मत होतं, आणि आजीच्या हयातीत घरातल्या कुणी तो काढला नाही. आई तापानं गेली. मी तेव्हा दोन वर्षांची होते. तिचा चेहरा मला आठवत नाही, आणि त्याचं मला कधी दुःखही वाटलं नव्हतं. आठवण वडिलांकडे आहे, एवढं पुरेसं होतं.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. वडील पाथर्डीकडच्या आमच्या गावातून दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मी नगरला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा जेवताना वडील म्हणाले, "तुज्या आयचा चेहरा आता येत न्हाई डोळ्यापुढं. आवाज येतो. चालनं येतं. तोंड न्हाई येत."

एवढं बोलून त्यांनी भाकरी कुस्करली. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तो काढला मावशीनं. मावशी आईहून दोन वर्षांनी धाकटी, शेजारच्या गावात दिलेली. मी आईसारखी दिसते असं ती लहानपणापासून म्हणत आली होती. तिच्या ट्रंकेत आईचं एक इरकली लुगडं होतं, हिरवं, लाल काठाचं. ते मला नेसवावं, आईसारखे केस करावेत आणि फोटो काढून भिंतीला लावावा, ही कल्पना तिची. वडिलांना विचारलं तर ते नको म्हणाले नाहीत. हो असंही म्हणाले नाहीत. मावशीनं तो होकार धरला.

ठरल्या दिवशी मावशी पिशवी घेऊन सकाळच्या एसटीनं नगरला आली. वडील आले नाहीत. कामावरची हजेरी बुडाली असती.

स्टुडिओचे मालक साठीचे होते. मावशीनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दोनच प्रश्न विचारले. बाईंचा फोटो कोणत्या सालातला वाटायला हवा, आणि त्या डोक्यावरून पदर घेत का. मावशी म्हणाली, सालाचं मला कळत नाही, स्वातंत्र्य आल्यानंतरचं. पदर मात्र कायम असायचा.

आतल्या खोलीत आरशासमोर मावशीनं मला तयार केलं. माझे केस तेव्हाच्या मुलींसारखे होते: बाजूला भांग, कपाळावर थोडे फुगवलेले, मागे एक वेणी. तिनं खोबरेल तेल लावून ते चापून बसवले, मधोमध सरळ भांग पाडला, मानेवर घट्ट अंबाडा बांधला. माझा गोल गळ्याचा झंपर काढायला लावून खणाची चोळी घातली, तिची गाठ पुढे बांधली. नऊवारी नेसायला मला येत नव्हतं. ते तिनं नेसवलं, पदर डोक्यावरून दिला. आईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. ते तिनं काडीच्या टोकानं काजळाचे काढले. कपाळाला मेण लावून त्यावर मोठं आडवं कुंकू रेखलं. कानात बुगड्या तिच्या स्वतःच्या.

डोरल्यापाशी ती थांबली. सवाष्ण बाईच्या फोटोत गळ्यात डोरलं हवंच, आणि मी कुवार होते. ती आपल्या गळ्यातलं काढणार नव्हती आणि माझ्या गळ्यात तर मुळीच घालणार नव्हती.

"कुवार पोरीला डोरलं न्हाई घालायचं," ती म्हणाली. "फोटोपुरतं बी न्हाई."

मालकांनी ते पडद्यापलीकडून ऐकलं. गळा मोकळा ठेवा, असं ते म्हणाले. काळी पोत ते नंतर फोटोवर कुंचल्यानं काढणार होते. मावशीला ते पटलं.

पहिला फोटो त्यांनी नव्या कॅमेऱ्यावर, रोलच्या फिल्मवर काढला. दोन मोठे बल्ब पेटवले. मागे रंगवलेला पडदा होता: संगमरवरी कठडा, त्यापलीकडे तळं. असं तळं मी नगर जिल्ह्यात कुठे पाहिलेलं नव्हतं. मी खुर्चीवर बसले होते. शेजारी उंच स्टूल, त्यावर कागदी फुलांची पितळी फुलदाणी. एक हात स्टुलावर, दुसरा मांडीवर, दोन्ही पावलं जुळलेली. हसायचं नाही, असं मालकांनी बजावलं. आईच्या काळी फोटोत कुणी हसत नसे.

प्रिंट पाहायला मावशी पुढच्या बाजारच्या दिवशी पुन्हा आली. मालकांनी ती काउंटरवर ठेवली आणि स्वतःच आधी बोलले, "कुंकू खाल्लं फिल्मनं."

फोटोत माझं कपाळ जवळजवळ कोरं होतं. कुंकवाच्या जागी पुसल्यासारखी फिकट सावली होती. लुगड्याचा लाल काठही हिरव्या अंगात मिसळून गेला होता. मावशीनं प्रिंट उलटी घातली. तिची बहीण सवाष्ण गेली होती, मळवट भरून गेली होती, आणि फोटोत तिचं कपाळ पांढरं आलं होतं. हा फोटो दाजींच्या पुढ्यात जाता कामा नये, एवढंच ती बोलली.

मालकांनी कारण सांगितलं. नवी फिल्म सगळे रंग पाहते. लालही पाहते, म्हणून लाल रंग फोटोत उजळ होतो. त्यात बल्बच्या उजेडात तांबूस भाग जास्त. जुनी फिल्म लालाला आंधळी होती. तिला जे दिसत नाही ते फोटोत काळं येतं. म्हणून जुन्या फोटोंतल्या बायकांची कुंकवं काळीभोर, चेहरे थोडे सावळे आणि आभाळं पांढरी असतात. हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं, असं ते म्हणाले. कुंकू कुंचल्यानं काढून देऊ का, असंही त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, पोत काढा, कुंकू नका काढू. ते कपाळाला लावलेलंच दिसलं पाहिजे.

जुन्या जातीच्या फिल्मचे थोडे सुटे तुकडे त्यांच्याकडे शिल्लक होते. कागदपत्रांच्या नकला काढायला ते ती वापरत. त्यासाठी लाकडी कॅमेरा बाहेर काढावा लागला. तिपाईवर बसणारा, चामड्याच्या घडीच्या भात्याचा. मला पुन्हा तेल, अंबाडा, चोळी, लुगडं, मेण, कुंकू. या वेळी बल्ब लावले नाहीत. स्टुडिओच्या उत्तरेकडच्या छपराला काचा होत्या. त्यांच्यावरची सुती झापडं दोरीनं बाजूला ओढली. तो उजेड थंड आणि निळसर होता. ही फिल्म मंद असल्यानं मला काही सेकंद न हलता बसायचं होतं. खुर्चीमागे एक लोखंडी दांडा उभा केला. त्याची दोन टोकं अंबाड्याखाली मानेला टेकली. ती फोटोत दिसत नाहीत.

मालक काळ्या कापडाखाली गेले. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मी त्यांना उलटी दिसत होते, डोकं खाली. मग ते बाहेर आले, फिल्मची चौकट बसवली, तिचं झाकण ओढलं आणि भिंगावरची टोपी हातानं काढली. ते मनात मोजत होते. मी भिंगाकडे पाहत होते. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय आलं हे मला नंतर मावशीनं विचारलं. मान दुखत होती, असं मी सांगितलं. ते खरं होतं.

ही फिल्म लाल दिव्यात धुता येते. मला त्यांनी आत येऊ दिलं. ताटलीत आधी चोळीच्या खणावरची वेलबुट्टी काळी होऊन वर आली, मग चेहरा, उलटा, काळा. कुंकवाची जागा शेवटपर्यंत काचेसारखी स्वच्छ राहिली. "इथे छापताना काळं येईल," ते म्हणाले.

पुढचं काम त्यांनी एकट्यानं केलं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं डोळ्यांखालच्या छाया भरल्या. फोटो छापून तो आधी एका रसायनात फिकट पिवळा होईपर्यंत उतरवला, मग दुसऱ्यात बुडवला. तिथे तो तपकिरी होऊन परत आला. त्या दुसऱ्या रसायनाला नासलेल्या अंड्यांचा वास येतो. शेवटी गळ्यात काळी पोत आणि दोन वाट्या काढल्या. फोटो वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवावा लागतो. त्या वर्षी नळाला पाणी नव्हतं, म्हणून त्यांनी तो बादलीत पाणी बदलून धुतला. खालच्या डाव्या कोपऱ्यात पिवळट डाग राहिला.

चौकटीत बसवलेला फोटो मी आणि मावशीनं गावी नेला. वडील कामावरून आले होते. हातपाय धुऊन ते ओट्यावर बसले. मावशीनं फडकं सोडून फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. कुंकू काळं होतं, काठ काळा होता, चेहरा माझ्याहून सावळा. मला स्वतःला तो फोटो दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

वडिलांनी चौकट डोळ्यांजवळ आणली. मग म्हणाले, "भांग सरळ काढलाय."

"सरळच हुता तिचा," मावशी म्हणाली. "मी इंचरायची तिला."

"लगनाआधी इंचरत असशील. हितं आल्यावर ती आपली आपुन इंचरायची, आरसा नव्हता. भांग डावीकडं जायचा." त्यांनी बोट काचेवर ठेवलं. "हनवटी बी ही न्हाई. तिची आखूड हुती. आन् हासायचं न्हाई म्हनलं तर तिचा खालचा व्हट आत जायचा. असा."

त्यांनी स्वतःचा ओठ आत ओढून दाखवला.

"दाजी, तुमी तर म्हनत हुता आठवत न्हाई," मावशी म्हणाली.

"न्हवतं आठवत," वडील म्हणाले. "आता आठवलं. ही ती न्हाई म्हनून आठवलं."

त्यानंतर अंधार पडेपर्यंत ते बोलत राहिले. कान, दात, डाव्या भुवईवरची खूण. मावशी काही मान्य करत होती, काही नाही. मी ऐकत होते. त्यातलं बरंचसं मी पहिल्यांदाच ऐकलं.

फोटो भिंतीतल्या देवळीच्या वर लावायचं ठरलं. मावशीनं पिशवीतून शेवंतीचा हार काढला. वडिलांनी तिचा हात धरला.

"हार न्हाई. पोरगी जिती हाय."

 मावशीनं तो देव्हाऱ्यात ठेवला. फोटो खिळ्याला लावला. चौकटीच्या काचेवर, आत काळं कुंकू होतं त्या जागी, तिनं वरून बोटानं लाल कुंकू लावलं. वडिलांनी त्याला हरकत घेतली नाही.

वडील गेले त्यानंतर त्यांचा फोटो त्याच भिंतीवर, शेजारी लावला. त्याला चंदनी हार आहे. आईच्या फोटोला नाही.