लागला आणि चिकटला

आमच्या पॉलिटेक्निकात मगदूम सरांच्या खोलीत दोन कपाटं आहेत. एकात कंपन्यांच्या फायली. दुसऱ्यात काळे बूट. सात नंबरचे दोन जोड, आठाचे दोन, नवाचा एक. शिवाय चार कमरेचे पट्टे आणि दोन निळे टाय, गाठ मारून तयार ठेवलेले, कारण पोरांना गाठ मारता येत नाही. मुलाखतीच्या दिवशी पोरगं चपला घालून आलं, की मगदूम कपाट उघडणार, पायाकडं बघणार आणि न विचारता नंबर काढून देणार. बूट परत करताना पॉलिश करून द्यायचं, एवढीच अट.

आण्णाप्पा मगदूम मूळचा टर्नर. लेथवर तेवीस वर्षं काढली. मी बाजूच्या सुतारशाळेत, त्यामुळं त्याचा आवाज मला मशिनच्या आवाजातसुद्धा ओळखू येतो. मग एके दिवशी मॅनेजमेंटला वाटलं, पोरांना कंपनीत नेणारा एक माणूस पाहिजे, आणि शिरोलीपासून चाकणपर्यंत फौंड्रीतल्या फोरमनांना नावानं हाक मारणारा हाच एक. दारावर प्लेसमेंट ऑफिसरची पाटी लागली. नखातलं काळं तेल मात्र अजून गेलेलं नाही.

त्याची एक वही आहे, लाल कापडी पाठीची. पोरगं कंपनीत गेलं की पहिल्या रविवारी हा फोन करणार. "जेवण कसं हाय? भात कच्चा घालत्यात का? खोलीत किती जण?" मग सहा महिन्यांनी, मग वर्षानं. कोण टिकलं, कोण परतलं, का परतलं, सगळं त्या वहीत. ही वही कुणी मागितली नव्हती, कुठल्या इन्स्पेक्शनला दाखवलेली नाही. गड्याला पोरांची चौकशी केल्याशिवाय रविवारचं मटण गोड लागत नाही, असं आम्ही म्हणायचो. तो जैन, मटण खात नाही, म्हणून तर म्हणायचो.

यंदा दहावीचा निकाल लागला आणि सेक्रेटरी विश्वासरावांनी मेकॅनिकलवाल्या आम्हा सगळ्यांना बोलावलं. साठ जागा, गेल्या साली भरल्या सव्वीस. "या वर्षी चाळीस झाल्या न्हाईत तर शाखा बंद करायचा अर्ज घालणार," म्हणाले. "मी तोट्यात किती दिस चालवू?" त्यांचंही खोटं नव्हतं. आम्ही अकरा जण, माझ्यासकट, एकमेकांच्या तोंडाकडं बघत बाहेर आलो. मगदूमला निवृत्तीला चार वर्षं होती.

पुण्याच्या जाहिरातवाल्याकडनं मजकूर आला. तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा, तो गावोगावच्या पालकांच्या फोनवर जाणार, आणि त्याचाच आवाज जीपच्या भोंग्यावर वाजणार. बोलणार कोण, तर मगदूम. पंचक्रोशीत ओळखीचा चेहरा त्याचाच.

वर्कशॉपातच शूटिंग ठरलं. लग्नाचे व्हिडिओ करणारा सुकुमार कॅमेरा घेऊन आला. प्राचार्य इनामदार मॅडम खुर्चीवर बसल्या. मगदूमला कोट घालून मिलिंग मशिनच्या पुढं उभं केलं. बाजूच्या बाकावर एक बाई आपल्या पोरीला घेऊन बसली होती. कलावती खोत, नांदणीकडची, दाखले घेऊन चौकशीला आलेली. क्लार्क जेवायला गेला होता, म्हणून तिला इथं बसवलेली.

सुकुमार म्हणाला, "सर, जरा हसून. नवऱ्या मुलाच्या बापागत नको, नवऱ्या मुलागत."

मगदूमनं कागद बघून सुरुवात केली. "आमच्या संस्थेत शंभर टक्के प्लेसमेंट. सहा लाखांपर्यंत पॅकेज. एकशे बेचाळीस ऑफर. प्रवेश घ्या, निर्धास्त व्हा. तुमचा मुलगा लागलाच म्हणून समजा."

"लागला न्हाई," बाकावरची बाई म्हणाली.

सुकुमारनं कॅमेरा खाली केला. मॅडमनी वळून बघितलं.

"मी मधीच बोलतो म्हणून राग मानू नका," कलावतीआक्का म्हणाली, "पण ह्येच सर दोन वर्षामागं मला फोनवर म्हणलं, आक्का, तुमचा अविराज लागला. मी गल्लीत पेढं वाटलं. पावण्यांच्या कानावर घातलं, पोरगं लागलंय, आता पोरगी बघा. साखरपुडा ठरला. अन् अकराव्या महिन्यात पोरगं पिशवी घिऊन दारात. म्हणतंय, ट्रेनी हुतो, मुदत संपली. पावणं म्हणलं, लागला म्हणला हुता की वो. काय सांगू? आमच्यात लागला म्हंजे चिकटला. निघायचं न्हाई परत."

मगदूम कागद हातात घेऊन उभाच. त्याला अविराज आठवला, कारण वहीत होता. शेऱ्यात त्यानंच लिहिलं होतं, काम चांगलं, कंपनीनं कुणालाच पुढं घेतलं नाही. पण पेढे आणि पावणे वहीत नव्हते.

"आक्का," तो म्हणाला, "चूक माझी. निवड झाली म्हणायचं सोडून मी लागला म्हणलो. आनंदात तोंडातनं गेलं."

"तुमच्या आनंदाचं आमी पेढं केलं."

"पोरगं आता काय करतंय?"

"हाय जयसिंगपुरात एका वर्कशॉपात. सीएनसी मशिनवर. मिळवतंय बरं. पण ते लगीन मोडलं."

मग मगदूमनं कोट काढला, घडी करून मशिनवर ठेवला आणि कागद त्याच्यावर. खोलीत जाऊन लाल वही आणली. स्टूल ओढलं, आक्काच्या पुढ्यात बसला.

"सुकुमार, चालू कर. आक्का, तुमी इचारा. समोर कॅमेरा हाय असं समजूच नका."

"मग कुठं बघू?"

"माझ्या तोंडाकडं बघा. न्हाईतर लेथकडं बघा, त्यो माझ्यापेक्षा देखणा हाय."

पोरगी, समृद्धी, हसली. आक्का हसली नाही. तिनं पदर सारखा केला. "फी किती?"

"वर्षाची पंचावन्न हजार शिकवणीची. त्यात बस न्हाई, जेवण न्हाई, ड्रॉइंगचं सामान न्हाई, परीक्षेची फी न्हाई. ते धरून वर पंधरा-वीस हजार जात्यात. सरकारची सवलत हाय, कुणाला अर्धी, कुणाला सगळी. जात, उत्पन्न, दाखले बघून ठरतं. पण ते पैसं कवा येत्याल सांगता येत न्हाई. तोवर हप्ता भरायला लागतो, संस्था हप्ते पाडून देती. आन् एक ध्येनात ठेवा, प्रवेश सरकारी फेरीतनंच घ्या. कुणी म्हणलं, थेट मॅनेजमेंटच्या जागंवर बसवतो, फेरीची कटकट नको, तर त्या जागंला सवलत मिळत न्हाई."

इनामदार मॅडम खुर्चीत जराशा सरसावल्या.

"आन् नोकरी?"

मगदूमनं वही उघडली. "गेल्या सालच्या मेकॅनिकलला एकतीस पोरं पास. नऊ जण इंजिनिअरिंगला गेली, थेट दुसऱ्या वर्षाला. उरली बावीस. त्यातली एकोणीस कंपनीत गेली. वर्ष झालं, त्यातली बारा अजून कामावर हायत. चार ट्रेनीची मुदत संपून परतली, तिघांनी सोडलं. एकाला चाकणचं पाणी मानवलं न्हाई, त्यानं मला फोनवर रडून सांगितलं."

"ते एकशे बेचाळीस?"

"सगळ्या शाखांच्या ऑफरच्या चिठ्ठ्या मोजलेल्या. एकाला तीन कंपन्यांनी चिठ्ठी दिली, तर ते तीन मोजलं. पोरगं एकच, ढुंगण एकच, बसणार एकाच खुर्चीवर."

सुकुमारचा कॅमेरा हलला. हसू दाबत होता.

"सहा लाख?"

"कॉम्प्युटरच्या एका पोराला. एकाच. आन् वर्षाचा आकडा त्यो, त्यात पीएफ आला, बोनस आला, जेवणाचं बी धरत्यात. हातात तेवढं येत न्हाई. मेकॅनिकलच्या पोराला सुरुवातीला बारा ते पंधरा हजार, ट्रेनी म्हणून. बस आन् कँटीन कंपनीचं. विषय राहिलं तर कंपनी दारात बी उभं करत न्हाई, ते पोरीला आत्ताच सांगा."

आक्कानं पोरीकडं बघितलं. "ऐकलंस नव्हं?"

"ऐकलं."

"मग चिकटणार कवा?"

मगदूमनं वही मिटली. "आक्का, मी पोरगं दारापत्तूर न्हेतो. लागायचं ते लागंल. चिकटायचं त्याच्या हातावर, कंपनीवर आन् बाजारावर. माझ्या हातात एवढंच, की एकदा परतलं तर दुसऱ्यांदा बी मीच न्हेतो. वर्षं झाली म्हणून हात काढत न्हाई. वहीत नाव हाय तवर माझं हाय."

मॅडमनी सुकुमारला खूण केली. कॅमेरा थांबला.

विश्वासरावांनी तो व्हिडिओ पाहिला आणि चष्मा काढला. "मगदूम, ही जाहिरात हाय का कबुलीजबाब?"

"दादा, पलीकडचं कॉलेज शंभर टक्के म्हणतंय. आपण बी शंभर म्हणलो तर पालक बसला जवळ पडंल ते कॉलेज बघून जाणार. आपलं बसला लांब हाय."

"आन् चाळीस न्हाई झाली तर?"

"तर मी घरी. पण पुन्यांदा कुणाच्या साखरपुड्यात माझं नाव नको."

इनामदार मॅडम मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या, पुण्याचा मजकूर पाठवायचा असेल तर त्याच्याखाली माझी सही लागते, आणि एकशे बेचाळीसवर मी सही करणार नाही. विश्वासरावांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, ते ढुंगणाचं तेवढं काढा.

ते काढायला सुकुमार विसरला. का विसरला, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही. गावागावांतल्या फोनवर गेलं ते तसंच गेलं. जीपवरचा भोंगा बाजाराच्या दिवशी कुरुंदवाडच्या चौकात "पोरगं एकच" म्हणून ओरडला, तेव्हा भाजीवाल्यांनी म्हणे जीप थांबवून पुन्हा लावायला सांगितलं.

त्या आठवड्यात मगदूमच्या दारात पालकांची रांग. कुणी भांडायला, कुणी बघायला, बरेच जण नुसते विचारायला. "ती वही दावा." तो दाखवायचा. आपल्या गावच्या पोराचं नाव शोधायचे, मग तिथल्या तिथं त्याच्या बापाला फोन लावून खातरजमा करायचे. एका म्हाताऱ्यानं फोनवर विचारलं, "अरं, मगदूमनं खरंच भाताचं इचारलं हुतं का तुज्या पोराला?" तिकडनं हो आलं, तसा म्हातारा कागद काढायला लागला.

सरकारी फेऱ्या संपल्या तेव्हा मेकॅनिकलला त्रेचाळीस झाले. पलीकडच्या कॉलेजात अठ्ठावन्न. विश्वासराव म्हणाले, त्या मजकुरानं पन्नास झाली असती. मगदूम म्हणाला, झाली असती, आणि दोन वर्षांनी पन्नास आया बाकावर बसल्या असत्या. शाखा या वर्षी राहिली. पुढचं पुढच्या वर्षी.

समृद्धी खोत त्रेचाळिसात आहे. दाखला जमा करायला आक्का आली, तेव्हा मी तिथंच होतो. मी विचारलं, एवढं सगळं ऐकून बी इथंच का?

"इथं काय काय न्हाई ते तरी कळलं," ती म्हणाली. "दुसरीकडं ते बी इचारायला लागलं असतं."

मग मगदूमकडं वळून, "सर, ह्या खेपंला फोन करशीला तवा काय म्हणशीला?"

"निवड झाली म्हणीन."

"आन् पेढं?"

"वर्षानं. मी बी खायला येतो."

ती गेल्यावर मगदूमनं दुसरं कपाट उघडलं. पाच जोड बूट पुसत बसला, मग थांबला. मेकॅनिकलला यंदा चार पोरी होत्या. आत्तापर्यंत एकही नव्हती.

"पोरींचा नंबर किती असतोय रं साधारण?" त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, माझ्या लेकीचा चार.

संध्याकाळी गावातल्या बुटांच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी, सर? मगदूम म्हणाला, "अजून ठरलं न्हाई. तीन वर्षांनी लागणार हायत." आणि जोड उलटा करून त्याचा तळ अंगठ्यानं दाबून बघायला लागला.