एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही

पक्षाघातात आईची वाचा गेली, उजवा हातही गेला. डोंबिवलीच्या घरातला फोन बंद करायचं तिनेच ठरवलं. नव्वदच्या दशकात तो आला तेव्हा अख्खी चाळ आमच्याकडे फोन घ्यायला यायची. आता तो वाजला की ती नुसती त्याच्याकडे बघत बसायची.

रविवारी मी ठाण्याहून गेलेलो. फोन कंपनीच्या चॅटवर ती मोबाइलवरून डाव्या बोटाने टाइप करत होती. मी करतो म्हटलं, तर तिने माझा हात झटकला. मग बस करत, असं म्हणून मी चिडूनच चहा टाकायला गेलो.

परत आलो तेव्हा स्क्रीनवर तिची अक्षरं एकमेकांत घुसलेली होती आणि त्यांच्यामध्ये यंत्राचं तेच थंड उत्तर तीनदा आलं होतं: 'क्षमस्व, समजलं नाही. कृपया पुन्हा लिहा.' त्याखाली होतं, 'आमच्या प्रतिनिधीशी जोडत आहोत.'

थोड्या वेळाने चॅटवर एक बाई आल्या. त्यांनी आधीचं सगळं वाचलं असावं, कारण पुन्हा लिहा असं त्या म्हणाल्याच नाहीत.

'टाइप करायला त्रास होतोय का? हो असेल तर १ लिहा, नाही तर २.'

आईने १ लिहिलं.

बिलाबद्दल आहे? २. फोन बिघडलाय? २. बंद करायचाय? १.

'खात्री करायला आम्ही फोन करू. बोलायला घरात दुसरं कोणी आहे का?'

मी चहाचा कप घेऊन तिच्या मागेच उभा होतो. आईने २ लिहिलं.