गाळाचं माप

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या लॅबचा शिपाईसुद्धा सांगेल. त्यात पावसाळा. जूनपासून लोणावळ्यातल्या आमच्या छोट्याशा लॅबमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि ब्लीचिंग पावडरच्या पुड्या यांची नुसती रांग लागलेली असते. हात दोनच, तेही माझे. अशातच एका सकाळी, मी अजून ॲप्रनची बटणं लावतेय, तोवर एक बाई दारात येऊन उभी. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, काखेत डबा.

"आंबेदऱ्याचं टीसीएल नापास केलं ती तुमीच का?"

"हो, मीच. का?"

"मंग माज्यासमोर परत करा."

नाव नाही, गाव नाही, बसू का नाही. सरळ हुकूम! माझं डोकंच तापलं. बारा वर्षं मी हेच काम करतेय, आणि ही कोण मला परत करा म्हणणारी?

ती होती हिरी. भाजे गावाच्या पलीकडे डोंगरात आंबेदरा नावाची ठाकरांची वाडी आहे, तिथली जलसुरक्षक. म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या टाकीत रोज टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालणारी बाई. पन्नाशीची असेल. शाळा चौथीपर्यंत. आधी हे काम एका पोरग्याकडे होतं. तो आठवड्यातून एकदा ओंजळभर पावडर टाकीत भिरकावायचा आणि रोजच्या सह्या एकदम करून मोकळा व्हायचा. वाडीत काविळीची साथ आली तेव्हा ग्रामपंचायतीनं काम हिरीमावशीला दिलं, आणि मग सात वर्षं तिथं साथ म्हणून आली नाही. हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मला एवढंच माहीत होतं, की आंबेदऱ्याचा नमुना अठरा टक्क्यांवर आलाय. चांगल्या पावडरीत कामाचा क्लोरीन तेहेतीस टक्क्यांच्या आसपास असतो. वीसच्या खाली गेला की आम्ही नापास लिहितो.

"मावशी, पावडर दमटाला मरते," मी शक्य तितकं गोड बोलायचा प्रयत्न केला. "तोंड उघडं राहिलं असेल पोत्याचं."

"खडं झाल्यात, पन मेली न्हाई. माजं काम चालू हुतं तवर शेवटच्या नळाला रोज पिवळं येत हुतं."

म्हणजे ही बाई रोज वाडीतल्या शेवटच्या घराच्या नळाचं पाणी नळीत घेऊन, त्यात औषधाचे थेंब टाकून बघते. पाण्यात क्लोरीन पोचला असेल तर ते पिवळं होतं. चांगले चांगले लोक टाकीजवळच बघून घरी जातात.

"दुप्पट टाकत असाल."

"दुप्पट टाकली असती तर पोतं निम्म्या महिन्यातच संपलं नसतं का?"

हिशोब तिचा बरोबर होता. म्हणून मी आवाज चढवला. "अहो, पण एवढं काय बिघडलंय? नापास झालं तर पंचायत नवीन पोतं आणेल!"

तेव्हा कुठे ती खाली बसली, आणि मग बिघडलेलं सगळं सांगितलं. तिचा भाचा पप्पू खालच्या एका रिसॉर्टच्या स्विमिंग पूलवर कामाला आहे. पूलला हीच पावडर लागते. माझा कागद गावात पोचला आणि पंचायतीतले भिमाजी आबा सगळ्यांदेखत म्हणाले, हिनं चांगली पावडर भाच्याला विकली आणि पोत्यात चुना भरला. झालं! चार दिवस तिचं काम बंद. वाडीतल्या बायका तिच्याशी बोलेनात. आज दुपारी चार वाजता वाडीतच बैठक होती, तिला काढून टाकायला.

"काम गेलं तर जाऊ दे," ती म्हणाली. "पन चोर म्हनून न्हाई जायाचं मला. ह्या डब्यात पोत्यातली पावडर आनलीय. करा."

"तुमच्या डब्यातली मला चालणार नाही," मी म्हणाले. हे कठोर होतं, पण बरोबर होतं. आरोग्य सेवकानं सील केलेल्या मूळ नमुन्यातली उरलेली पावडर माझ्या कपाटात होती. तिनं एका शब्दानं वाद घातला नाही. "तीच घ्या," म्हणाली, आणि डबा बाजूला ठेवला. चोर असती तर इथंच हुज्जत घातली असती, हे माझ्या रागाच्या भरात ध्यानात आलं नाही.

मी पाच ग्रॅम पावडर तोलली, पाण्यात कालवली, लिटरच्या फ्लास्कमध्ये ओतली, खुणेपर्यंत पाणी भरलं आणि ठेवून दिली. दहा मिनिटांत गाळ खाली बसला. वरच्या नितळ पाण्यातलं पंचवीस मिली पिपेटनं उचललं, त्यात पोटॅशियम आयोडाइड घातलं, ॲसिटिक ॲसिड घातलं. पाणी झटक्यात तपकिरी झालं.

"ह्ये काय झालं?" ती उठून जवळ आली.

कुणी विचारलं की मला सांगायला आवडतं. "तुमच्या पावडरीतला क्लोरीन आयोडाइडमधून आयोडीनला बाहेर काढतो. जितका क्लोरीन, तितकं आयोडीन. क्लोरीन डोळ्याला दिसत नाही, आयोडीन दिसतं. आता या लांब नळीतलं थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं. ते आयोडीन संपवतं. किती लागलं ते मोजलं की क्लोरीन किती होता ते कळतं."

रंग उतरत फिकट पिवळा झाला. मी स्टार्च घातला, तसं सगळं गर्द निळं झालं. ती डोळे फाडून बघत होती. आणखी काही थेंब, आणि शेवटच्या थेंबाला निळा रंग साफ गेला. नळीवरचा आकडा सहा पूर्णांक तीन. म्हणजे तेच अठरा टक्के.

"बघितलंत?" मी म्हणाले. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. माझंच बरोबर निघालं होतं ना!

ती आकड्याकडे बघतच नव्हती. फ्लास्कच्या बुडाकडे बघत होती.

"मॅडम, ह्यो गाळ?"

"तो चुना. तो टाकून द्यायचा."

"मी न्हाई टाकत. टाकीत निवळी घालते, गाळ टाकीत न्हाई जाऊ देत. पन गाळात बी जोर असतो. खडं नीट फुटलं नसलं तर लयच. हात घातला तर चावतो. मी त्यो साळंच्या संडासाला वापरते." तिनं फ्लास्कवर बोट ठेवलं. "ह्यो बी माज्याच पोत्यातला हाय. मंग ह्याचं माप कोन धरनार?"

बाई गं! कानशिलं गरम झाली माझी. मला शिकवलेली पद्धत मला तोंडपाठ होती. पावडर खलात पाणी घालून गंधासारखी घोटायची, एक खडा ठेवायचा नाही. फ्लास्क जोरात हलवायचा आणि ते पांढरं, गढूळ पाणीच उचलायचं. गाळ बसू द्यायचा नाही, नाहीतर आकडा कमी येतो. मी तसंच करायचे सुद्धा. पण गढूळ पाण्यानं पिपेटचं टोक तुंबतं, दर नमुन्याला धूत बसावं लागतं. या जूनमध्ये साठ नमुने अंगावर पडले आणि मी घोटायचं सोडून नुसतं कालवायला लागले, वरची निवळी घ्यायला लागले. भुसभुशीत पावडर असली की फरक फारसा पडत नव्हता, म्हणून लक्षात आलं नाही. हिच्या पावडरीत खडे होते, आणि त्या खड्यांतला क्लोरीन बुडाशीच राहिला.

मी खल काढला. पुन्हा पाच ग्रॅम. हात दुखेस्तोवर घोटलं. फ्लास्क असा हलवला की शिपाई डोकावून गेला. दुधासारखं पाणी पिपेटमध्ये घेतलं, आयोडाइड, ॲसिड. ॲसिडनं चुना विरघळला, दूध गेलं आणि रंग आला तो आधीपेक्षा किती गडद! थायोसल्फेट सोडायला लागले. सहा गेलं, सात गेलं, आठ गेलं. हिरीमावशीनं माझ्या ॲप्रनची बाही कधी धरली होती कोण जाणे. साडेनऊला निळा रंग गेला.

मी आणखी दोनदा केलं. साडेनऊ, साडेनऊ. सत्तावीस टक्के.

"मावशी, पावडर चांगली आहे. चूक माझी आहे."

मला वाटलं आता ही बोलेल. बोलायलाच हवं होतं, मी तिच्या जागी असते तर लॅब डोक्यावर घेतली असती. ती फक्त मटकन स्टुलावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "आनि दुसरी गावं? त्यांचं बी असंच केलं असंल ना तुमी?"

हे मात्र मला लागलं. स्वतःचं नाव धुऊन निघालं होतं, चारची बैठक होती, आणि हिला दुसऱ्यांची काळजी! त्या महिन्यातले नापास नमुने मी लगेच बाजूला काढले. पुढच्या दोन दिवसांत सगळे पुन्हा तपासले. सहातले दोन पास झाले, चार खरोखर मेलेले होते. त्या दोन गावांनाही मी स्वतः फोन केला.

पण ते नंतर. तेव्हा मी दुरुस्तीचा कागद तयार केला, सही केली, शिक्का मारला आणि तिच्या हातात दिला. तिनं परत केला.

"कागद नको. आधीचा बी कागदच हुता, त्यावर बी तुमचीच सही हुती. लोकं म्हनतील हिनं मॅडमला गळ घालून आनला. तुमी या. तोंडानं सांगा."

जायचं? पावसात, डोंगर चढून, माझा गाढवपणा चारचौघांत सांगायला? मनात शंभर सबबी आल्या. ती मात्र दारात उभी राहून माझी वाट बघत होती. मी छत्री घेतली.

मळवलीपर्यंत लोकल, पुढे भाज्यापर्यंत रिक्षा, मग चढण. ती अनवाणी भराभर, मी धापा टाकत. वाडीतल्या समाजमंदिरात तीस-चाळीस माणसं बसली होती. भिमाजी आबा मध्ये. मी उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. हिरीमावशीची पावडर चांगली आहे, तिच्यात चुना मिसळलेला नाही, तपासताना मी कंटाळा केला आणि गाळ सोडून वरचं पाणी घेतलं, आणि ही चूक मी नाही, हिनं शोधली.

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हंजे ही चोर न्हाई?"

"नाही. चोर नाही. तुमच्या पाण्याला हिच्यासारखं माणूस मिळालंय हे तुमचं नशीब आहे." माझा आवाज पुन्हा चढला होता, पण या वेळी मला त्याची लाज वाटली नाही.

"हिरे, चुकलं आमचं," आबा म्हणाले. मागच्या एक-दोन बायकांनी पदर डोळ्याला लावला. आता माफी, आता रुसवा, आता बोलणी, असं मला वाटलं. पण हिरीमावशी केव्हाच उठून कोपऱ्यात ठेवलेल्या पावडरीच्या पोत्याकडे गेली होती.

"ते मागनं बगू आबा. चार दिस टाकीत औषध न्हाई. पोरंबाळं तसंच पानी पितायत."

तिनं पावडर तोलून बादलीत घेतली, पाणी घातलं, नाकाला फडकं बांधलं आणि खडे फोडत काठीनं ढवळायला बसली. मग निवळी दुसऱ्या बादलीत ओतली, ती मला उचलायला लावली, आणि टाकीच्या वाटेनं पुढे चालायला लागली. जिच्या सहीनं ती चोर ठरली होती, ती मी तिच्यामागून बादली घेऊन चढत होते आणि ती सारखी मागं वळून ओरडत होती, "हिंदकळवू नका, मॅडम. माप चुकंल."