काकूंचा चंदनी साबण

चंदनाचा तो वास जरा जास्तच गोड होता. पाण्याने धुतला तरी तळव्यांच्या रेघांत उरायचा. कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरात, हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी सगळ्याजणींना तो साबण वाण म्हणून दिला. वाण कोण नाकारतं? मग दर महिन्याला पिशवी घेऊन त्या दारात येऊ लागल्या आणि मी संकोचाने वडी घेऊ लागले. साबण विकण्यापेक्षा माणसं जोडण्याकडेच त्यांचं अधिक लक्ष होतं, हे मला कळत होतं. मी गप्प राहिले.

एका दुपारी उतई गावाहून माझी भाची आली. कुडत्याला इस्त्रीचा ऊबदार वास होता.

"आत्या, नोकरी भेटली! असोसिएट मॅनेजर. काकूनंच नेलं तिच्या साबनाच्या कंपनीत. आता दुर्गच्या रक्ततपासनीच्या लॅबवाल्यायले नाही म्हनून टाकतो."

"पगार किती?"

"पगार नाही, इनकम. तिथले सर म्हनतात, पगार तर नोकरायले भेटते."

"मुलाखतीत काय विचारलं?"

"घरी कोन कोन हाय. तुह्या घरचे मामा स्टील प्लांटमध्ये हाय का. ओळखीपाळखी किती."

"आणि लॅबवाल्यांनी?"

ती हसली. "रक्त काढता येते का, म्हने. सर्टिफिकेट पाह्यलं, अन् पगार लिहून देला."

"पैसे मागितले त्यांनी?"

"ते कायले मागतीन?"

"आणि काकूंच्या सरांनी?"

तिचं हसू ओसरलं. "आधी साबनाची कीट इकत घ्या लागते. मंग मी दोघी आनल्या, त्यायनं कीट घेतली, का माहं कमिशन सुरू."

"त्या दोघींना कोणी मिळालं नाही तर?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. दोघींपैकी पहिली तिची आईच असणार होती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"बेटा, घरचीच माणसं गिऱ्हाईक करायची, त्याला नोकरी म्हणत नाहीत."

तिने मान वर केली. डोळ्यांत राग होता, आणि तो खरा होता.

"तुले मालूम होतं, तर तू कावून घेते मंग तो साबन? मी तर तुह्या बाथरूममध्ये पाहूनच हो म्हटलं. म्हटलं, आत्या शिकलेली हाय, कविता करते, आत्या फसनार नाही."

माझं सौजन्यच काकूंची जाहिरात झालं होतं. त्या वड्या माझ्या न्हाणीघरात उभ्या राहून माझ्या वतीने बोलत होत्या.

तिने माझ्यासमोरच लॅबला फोन लावला. जागा अजून रिकामी होती. सोमवारी या, म्हणाले. सुटल्यासारखं वाटलं मला, पण तिला नाही. कारण भिंतीपलीकडे काकूंचा आवाज येत होता. आपल्या नव्या सुनेच्या माहेरी फोन करून त्या अत्यंत मायेने सांगत होत्या, "बहोत अच्छी नोकरी है, एक बार आके तो देखो."

"त्या माहेरच्यायले कोन सांगनार?" भाचीने विचारलं.

"सांगेन मी," मी हळूच म्हणाले.

चपला घालता घालता तिने वळून पाहिलं.

"कधी?"