मंदाताई घाडी आणि एका शब्दाचा कौल

डॉ. मंदाकिनी घाडी यांची आणि माझी पहिली भेट मुलुंडच्या एका चर्चासत्रात झाली, आणि त्याच दिवसापासून मी त्यांच्यावर जळतो. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला "मनमोकळं लिहा" असं सांगितलं आहे, तेव्हा हे आधीच सांगून टाकतो. बाकीच्या लेखकांना मंदाताईंविषयी नुसता आदर आहे. मलाही आहे, पण तो माझ्या घशाखाली सहजासहजी उतरत नाही.

त्या दिवशी मी धर्मशास्त्रातल्या युद्धनियमांवर बोललो. ज्याचं शस्त्र मोडलं आहे, जो झोपला आहे, जो नुसता बघत उभा आहे, ज्यानं हात जोडले आहेत किंवा "मी तुझा आहे" म्हटलं आहे, त्याच्यावर घाव घालायचा नाही. दूताला तर हातही लावायचा नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत सुती साडीतल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, 'मी तुझा आहे' हे हरणाऱ्यानं म्हणायचं. पण जिंकणाऱ्याच्या बाजूच्या एखाद्या साध्या शिपायानं 'घाबरू नकोस' म्हटलं, तर त्याच्या राजाला ते बंधनकारक आहे का?" मला उत्तर आलं नाही. त्यांना येत होतं, पण त्यांनी ते सभेत सांगितलं नाही. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन सांगितलं. इतकं सौजन्य दाखवल्यावर माणसावर उघड रागावताही येत नाही.

मंदाताई विक्रोळीच्या चाळीत वाढल्या. वडील गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे. वाकोल्यात एका निवृत्त शिक्षकांकडे संध्याकाळी जाऊन त्या अरबी शिकल्या आणि मुस्लिम न्यायपंडितांनी युद्ध, तह आणि अभय यांविषयी जे बारीक नियम घालून दिले, त्यांचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. आमच्या घाटकोपरच्या अभ्यासकेंद्रात त्यांच्या वर्गाला खुर्च्या कमी पडतात. माझ्या वर्गात खुर्च्या उरतात, त्या शिपाई त्यांच्याकडे नेतो. मी स्वतः एकदा दाराशी उभा राहून ऐकलं आहे. तह कसा मोडायचा, हे त्या शिकवत होत्या. दुसरा पक्ष दगा देईल अशी खरी भीती असली, तरी त्याच्यावर चोरून चालून जायचं नाही. आधी तह उघडपणे त्याच्या अंगावर परत टाकायचा, आणि ती बातमी त्याच्या मुलखाच्या टोकाला असलेल्या माणसापर्यंत पोचेल एवढा वेळ द्यायचा. मग लढाई. मागं वळून पाहिलं तर शिपाईही ऐकत उभा होता.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे त्या आपल्या पंडितांना गोड करून सांगत नाहीत. एकदा एका विद्यार्थिनीनं उत्साहानं लिहिलं की या कायद्यात वेढ्यातल्या किल्ल्याचं पाणी तोडायला बंदी होती. मंदाताईंनी ते खोडलं. "पुष्कळांनी परवानगी दिली आहे, गं. ते लपवू नकोस. बायका, मुलं, म्हातारे, आजारी, मठात बसलेला साधू, शेतात राबणारा मजूर, हे लढत नसतील तर त्यांना मारायचं नाही, असं बहुतेक म्हणतात. पण म्हातारा आणि साधू यांच्याबाबत काहींचं मत वेगळं आहे. तेही लिही." मी माझ्या शास्त्रकारांची गैरसोयीची वचनं तळटीपेत ढकलतो. त्या ती मुख्य मजकुरात घेतात, आणि तरीही लोकांचा विश्वास त्यांच्याच पंडितांवर बसतो. हे मला अजून कळलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आम्ही दोघं मिळून न्यायपरिभाषेचा मराठी कोश करत होतो. अरबीतल्या 'अमान' या शब्दाला मराठी प्रतिशब्द हवा होता. शत्रूच्या माणसाला दिलेली सुरक्षिततेची हमी, एवढाच त्याचा अर्थ. मी 'अभयदान' सुचवला. भारदस्त, संस्कृत, आणि माझा. मंदाताईंनी मान्य केलं. मला झोप छान लागली. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "सर, आपला तह मी परत करतेय. आधी सांगते म्हणजे दगा नको व्हायला. शनिवारी येते भांडायला."

त्या शनिवारी त्या मुलुंडला आमच्या घरी आल्या. आमच्या सोसायटीत तेव्हा दुसरंच रण पेटलं होतं. इमारतीचा पुनर्विकास व्हायचा होता. आमची 'ए' विंग तयार, 'बी' विंग अडून बसलेली, आणि तिचे पुढारी म्हणजे परब. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, तिला हलवायचं नाही म्हणून ते सही देत नव्हते. माझ्या गुडघ्यांना मात्र लिफ्ट हवी होती. परबांची सही झाली की काम सुरू होणार होतं. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यालाच त्या सहीची किंमत कळेल.

घरात मंदाताई म्हणत होत्या, "'दान' म्हटलं की देणाऱ्याची मर्जी आली. आज दिलं, उद्या नाही. अमानमध्ये देणाऱ्याची मर्जी नाही बघत. आमच्या गावात देवाला 'कौल' लावतात ना? जुन्या कागदांत रयतेला, किल्ल्यावरच्या लोकांना 'कौल' दिलेला असतो. मूळ शब्द अरबीच. बोल, वचन, एवढाच अर्थ. आपल्याकडे आधीपासूनच आहे, सर!"

माझ्याच भाषेतला शब्द माझ्याच हॉलमध्ये त्यांना सापडावा, याचा मला इतका राग आला की मी उठून गॅलरीत गेलो. समोरच्या गॅलरीत परब उभे. खाली आमची मंडळी जमलेली. तो सगळा राग मी परबांवर काढला.

"या हो खाली, परब! कोण खातंय तुम्हाला?"

आणि परब खाली आले.

ते खाली येताच आमच्या बाजूच्या सावंतांनी गेट लावलं. पाचसहा जणांनी परबांना घेरलं. कोणीतरी खुर्ची आणून त्यांना दाबून बसवलं. "सही केल्याशिवाय वर नाय जायचं. समजलं ना?" मला वरून दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर लिफ्टही दिसायला लागली होती. मंदाताई चपला न घालताच खाली उतरल्या. मीही गुडघे धरत त्यांच्यामागे गेलो.

"परबांनू, तुमी खाली कित्याक इलात?" त्यांनी विचारलं.

"सरांनी हाक मारल्यानी. म्हणाले, कोण खाता तुमका. म्हणान इलंय," परब म्हणाले.

"झालं," मंदाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "सर, तुम्ही कौल दिलात."

"कसला कौल? मी टोमणा मारला!"

"टोमणा मारणाऱ्याच्या मनात काय होतं ते नाही बघत. ऐकणाऱ्याला काय समजलं ते बघतात. 'मर्द असशील तर ये' म्हणाला असता तर ते आव्हान झालं असतं. मग मी वर चहा पीत बसले असते. तुम्ही म्हणालात कोण खातंय. म्हणजे घाबरू नका. ते धरून माणूस खाली उतरला."

सावंत पुढे आले. "मॅडम, इथे काय युद्ध चाललंय काय?"

"मग गेट कशाला लावलंय?"

"आणि शब्द सरांनी दिला. आम्ही कुठे दिला?"

"एकानं दिला की सगळ्यांवर बसतो. पुढारी लागत नाही त्याला. बाईनं दिला तरी चालतो. नाहीतर कोणाच्या शब्दावर कोण खाली उतरेल, सावंत? आता यांना हात लावायचा नाही. यांना जिथं सुरक्षित वाटतं तिथपर्यंत पोचवायचं. मग उद्यापासून खुशाल भांडा."

"आणि सही?"

"ती नंतर. आधी घर."

कोणी हललं नाही. मंदाताईंनी परबांचा हात धरला नाही, सावंतांना बाजूला ढकललं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, कारण शब्द माझा होता. शेवटी मी पुढे झालो. "सोडा रे," म्हणालो. मला ते म्हणायचं नव्हतं. माझी लिफ्ट माझ्या डोळ्यांसमोरून 'बी' विंगच्या जिन्यानं वर चालली होती, आणि परबांच्या दारापर्यंत तिला पोचवायला मलाच जावं लागलं. तीन मजले. मंदाताई शेजारून म्हणत होत्या, "सावकाश, सर. घाई नाही."

घरी परतल्यावर माझ्या बायकोनं, नीलानं, त्यांना जेवायला बसवून घेतलं. नीलाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मंदाताई रोज विक्रोळीहून पेज घेऊन यायच्या, औषधाचे थेंब स्वतः घालायच्या. तेव्हापासून आमच्या घरी कुठलाही वाद "मंदाताईंना विचारू" इथं संपतो. मी शास्त्री आहे हे घरात कोणाला आठवत नाही. त्या दिवशी जेवताना मी कोशाचा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. निघताना मीच म्हणालो, "घाला कौल." त्यांनी विजयाचं हसू तरी हसायचं, तेही नाही. "तुमच्या उदाहरणानंच कळलं, सर," म्हणाल्या. कोशात ते उदाहरण आहे. माझं नाव नाही, एवढी दया त्यांनी केली.

नंतर पुष्कळ दिवस दोन्ही विंगांचं बोलणं बंद होतं. मग परबांकडून निरोप आला की ते बोलायला खाली येतील, पण सावंतांच्या बोलावण्यावर नाही. मला वाटलं, आता मंदाताईंना बोलवा म्हणणार. मनात आधीच कडवट व्हायला लागलं होतं. निरोप आणणारा म्हणाला, "परब बोलतायत, सरांनी हाक मारली तर येतो."

मी गॅलरीत उभा राहिलो. खाली सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर इतकी व्याख्यानं दिली, पण तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द आपल्यावर बसणार आहे ही भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली. "या, परब," मी म्हणालो. "कौल आहे." आणि तो माणूस आईच्या खोलीचं दार ओढून घेऊन खाली उतरला. गेट उघडंच होतं. बोलणी अजून चालू आहेत. आईला कुठं आणि कसं ठेवायचं, यावर आता दोन्ही बाजू डोकं लढवतात. लिफ्ट अजून नाही.

त्या दिवशी मंदाताई तिथं नव्हत्या, याचा मला मनापासून आनंद झाला. संध्याकाळी मीच त्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, माझ्या शब्दावर असं कोणी कधी उतरलेलं नाही. मी आपली पुस्तकातच." त्यांच्या आवाजात किंचित जळणं होतं. इतक्या वर्षांत मला मिळालेला तो सर्वांत मोठा सन्मान.

मंदाताई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांचे डोळे असेच बारीक अक्षर वाचत राहोत, पाय असेच अनवाणी धावत राहोत, आणि त्यांना माझ्याहून मोठं आयुष्य मिळो. हे शेवटचं मी उदारपणानं म्हणत नाही. एक तरी शब्द मला त्यांच्याआधी सापडायचा आहे, आणि तो सापडला की ज्यांना सांगावा असं वाटेल त्या त्याच आहेत.